मुंजीआधीची बैठक

मुंजीची तारीख पंचांगाच्या आधी शाळा ठरवते. माघापासून ज्येष्ठापर्यंतचे महिने शास्त्राला चालतात, पण परीक्षा संपून सुट्टी लागेपर्यंत एप्रिल सरलेला असतो. त्यात २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे मुंज नाही. उरला मेचा पहिला पंधरवडा, आणि सगळ्या आठ वर्षांच्या बटूंचे आईबाप त्याच दिवसांवर डोळा ठेवून. अशा वर्षी कार्यालय आधी धरायचं की मुहूर्त, हा वाद घालण्यापेक्षा दोन-तीन तारखा घेऊन गुरुजींकडे जावं. ते मुलाच्या राशीवरून गुरुबळ पाहतात. गुरू चौथा, आठवा किंवा बारावा आला तर शांती करून पुढे जायचं की वर्षभर थांबायचं, हे पत्रिका छापायला देण्याआधीच ठरलेलं बरं. आणखी एक प्रश्न आया फार हळू आवाजात विचारतात, किंवा आदल्या दिवशीच विचारतात: पाळी आली तर? जुन्या ग्रंथांनी याचा विचार केलेला आहे, शांतीही सांगितली आहे. तेव्हा पहिल्याच भेटीत गुरुजींना विचारून टाकावं.

पुढचा सगळा हिशेब मुहूर्तापासून मागे मोजायचा. समजा, मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. सकाळी सातला पुण्याहवाचनाला बसलात, तर देवक बसेपर्यंत साडेआठ होतात. मग चौल, म्हणजे न्हावी. त्यानंतर आंघोळ, आणि मातृभोजन: आई आणि मुलगा एका ताटात, सोबत अष्टवर्गाची मुंज झालेली मुलं. जेवण झालं की पुन्हा वस्तऱ्याचा हात, पुन्हा आंघोळ, आणि मग अंतरपाटापाशी. कागदावर हे सगळं बसतं. प्रत्यक्षात फसतं ते दोन ठिकाणी. न्हावी उशिरा येतो, किंवा आचारी मातृभोजनाचं पान पाहुण्यांच्या नाश्त्यानंतर लावू म्हणतो. आचाऱ्याला आदल्या रात्रीच ठणकावून सांगायला हवं, की साडेनऊला वरण-भात आणि एक गोड एवढं तयार पाहिजे, बाकीचं नंतर. एवढं झालं नाही तर मंगलाष्टकांना डोकं ओलं आणि मुलगा रडवेला, हे चित्र ठरलेलं.

केसांचा तंटा घरोघरी असतो. गोटा करून शेंडी ठेवायची, की कात्रीने चार बटा कापून भागवायचं? गुरुजी बहुधा दोन्हीला मान हलवतात. हा निर्णय मुलाला आधी सांगावा, पाटावर बसल्यावर नाही. माझं मत विचाराल तर सुट्टी आहेच, होऊ द्या गोटा.

कपड्यांची खरेदी मात्र उलट्या टोकाने सुरू होते. शेरवानी आधी येते, आणि तिचं काम फक्त संध्याकाळच्या भिक्षावळीपुरतं. विधीत बटूला लागते ती लंगोटी, कमरेला मुंज गवताची मेखला, जानवं, हातात पळसाचा दंड, आणि वर छोटा रेशमी कद. कद आदल्या आठवड्यात दोनदा नेसवून पाहावा. होमापाशी सुटलेला कद आवरताना वडिलांचंच सोवळं सुटायला येतं. वडिलांनीही सोवळं नेसून मांडी घालून बसायची सवय करावी. आईची नऊवारी होमाच्या धुरात दोन-अडीच तास टिकेल अशी असावी.

आता पैसे. विधीचं साहित्य आणि दक्षिणा हा खर्चातला लहान भाग. मोठा भाग ताटांचा. समजा, ताट ४५० रुपयांचं आणि माणसं दीडशे, तर नुसत्या जेवणाचे ६७,५०० झाले. संध्याकाळी भिक्षावळीला तेवढ्याच माणसांना अल्पोपाहार म्हटलं, की निम्मे आणखी. म्हणून खर्च कमी करायचा तर गुरुजींशी घासाघीस करून उपयोग नाही, यादी कापा. सामुदायिक मुंजीत ठरावीक रकमेत विधी आणि साहित्य येतं. पण प्रत्येक बटूमागे किती पाहुणे, हे आधी विचारावं. आजोळचीच पंचवीस माणसं निघतात.

मुलाकडून अपेक्षा काय, हे आईबापांपेक्षा आजीला जास्त ठाऊक असतं. गायत्रीचा उपदेश शालीखाली कानात होतो, तेव्हा मंत्र पाठ नसला तरी चालतं. गुरुजी एकेक पाद म्हणतात, त्याने मागून म्हणायचं. ‘ॐ भवति भिक्षां देहि’ मात्र घोकून घ्यावं, कारण तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत असतात आणि पहिली भिक्षा आईची असते. पुढे संध्या रोज होईल की सुट्टीपुरती, हे घरच्यांनी आपसात ठरवावं. सोडमुंज काही दिवसांनी करायची जुनी रीत होती. आता बहुतेक जण त्याच दिवशी उरकतात. पण तसं करायचं असेल तर कार्यालय दुपारी रिकामं करायचं कबूल करू नका.