खुनी पहिल्याच प्रकरणांत भेटला पाहिजे!

परभणी जिल्ह्यातलं मानवत आणि खून असं म्हटलं की जाणत्या मराठी वाचकाला १९७२ ते १९७४ मधलं हत्याकांड आठवतं. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्याचा छडा लावला. अमोल पालेकरांचा ‘आक्रीत’ हा चित्रपट आणि २०२४ ची वेबमालिका त्याच घटनांवरून आली. पण खऱ्या तपासात वाचकाला न्याय देण्याची जबाबदारी कुणावर नसते. पुरावा मिळेल तेव्हा मिळतो, कधी मिळतच नाही. कादंबरीकाराला ही सवलत नाही. त्यानं उत्तर वाचकाच्या नाकासमोर ठेवायचं आणि तरी त्याला ते दिसू द्यायचं नाही.

हे कसं जमतं? त्या खऱ्या प्रकरणाला हात न लावता आपण मानवतच्या कापूसबाजारात एक काल्पनिक खून घडवू या.

आधी उत्तर, मग प्रश्न

रहस्यकथा शेवटाकडून रचतात. आपला शेवट असा: डिसेंबरातल्या एका रात्री जिनिंगच्या कचेरीत एका आडत्याचा खून झाला. खुनी आहे परगावचा दलाल. त्यानं आडत्याचा ५०० क्विंटल कापूस जिनिंग-प्रेसिंग करून दिला, १०० गाठी झाल्या असताना ८० च दाखवल्या आणि २० परस्पर विकल्या. आडत्याला हे कळलं. दलाल म्हणतो, “मी त्या रात्री सव्वादहाला रेल्वेनं उतरलो, चालत साडेदहाला जिनिंगवर आलो, तेव्हा शेठ मरून पडले होते.” प्रत्यक्षात तो दुपारपासून गावातच होता.

आता हे उघडं पाडणारे धागे मागं जाऊन पेरायचे.

स्टेशन गावात नाही, हे वाचकाला कोण सांगणार?

मानवत रोड हे रेल्वे स्टेशन मानवत गावापासून काही किलोमीटर दूर आहे. पंधरा मिनिटांत पायी येणं अशक्य. मानवतचा वाचक हे वाक्य वाचताक्षणी खुनी पकडेल आणि पुण्याचा वाचक शेवटी चिडेल, “मला काय माहीत!” म्हणून पहिल्याच प्रकरणात बदलून आलेले फौजदार ट्रंक घेऊन स्टेशनवर उतरतात, रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालतात आणि धुळीनं माखून ठाण्यात पोहोचतात. वाचक हसतो आणि पुढं जातो. अंतर त्याला सांगून झालेलं असतं. विनोदी प्रसंगात पुरावा शोधायला कुणी थांबत नाही.

पण बाजारात वावरणारा दलाल इतकी ढोबळ चूक करील का? करील, जर तो दर वेळी स्वतःच्या गाडीनं येत असेल. म्हणून तिसऱ्या प्रकरणात तो ड्रायव्हरच्या पगारावरून कुरकुरतो आणि “या वेळी गाडी गॅरेजला, म्हणून रेल्वे,” असं सांगतो. त्यानं वेळापत्रक पाहिलं, नकाशा पाहिला नाही. खुन्याची चूक त्याच्या स्वभावातून आणि सवयीतून आली, तरच ती पटते.

एक धागा, दोन तुकडे

दुसरा धागा हिशेबाचा. सरकीसह कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते आणि रुईची एक गाठ १७० किलोची असते. म्हणजे ढोबळमानानं पाच क्विंटल कापसाला एक गाठ. हे दुसऱ्या प्रकरणात जिनिंगचा फिटर चहा पिता पिता सांगतो. सहाव्या प्रकरणात आडत्याच्या वहीचं पान उघडतं: कापूस ५०० क्विंटल, गाठी ८०. त्याच पानावर एका शेतकऱ्याची थकबाकीही आहे आणि फौजदाराचं बोट तिच्यावर थांबतं. वाचकाचं लक्षही तिकडंच जातं.

दोन्ही तुकडे एकाच पानावर आले असते तर शाळकरी पोरानंही भागाकार केला असता. फरकही नीट निवडावा लागतो. चार-पाच गाठींची तूट कापसाचा वाण आणि ओलावा यांच्यावर ढकलता येते. वीस गाठी, म्हणजे ३,४०० किलो रुई, ओलाव्यात उडून जात नाही.

चकवा खोटा नसावा, अपुरा असावा

तो थकबाकीवाला शेतकरी आपला चकवा. त्यानं भर बाजारात आडत्याला धमकावलं आणि खुनाच्या रात्री घरी असल्याचं खोटं सांगितलं. त्याच्या चपलेचा ठसाही कचेरीमागं सापडतो. शेवटी “तो ठसा योगायोगानं पडला होता,” असं म्हटलं तर वाचक पुस्तक भिरकावेल. शेतकऱ्याला स्वतःचं गुपित हवं: तो आपली उसनवारीची चिठ्ठी चोरायला आला होता. तो खोटं का बोलला याचं पूर्ण उत्तर मिळतं, फक्त ते खुनाचं उत्तर नसतं. चांगला चकवा उलगडतानाही काही देऊन जातो. इथं चिठ्ठी शोधताना त्यानं साडेआठलाच दलालाचा आवाज ऐकलेला असतो. चोरी कबूल केल्याशिवाय त्याला हे सांगता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. मात्र “आवाज” हा शब्द त्याच्या तोंडून एकदा तरी निसटायला हवा.

न भुंकलेला कुत्रा

कॉनन डॉयलच्या १८९२ मधल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच होम्सला पुरावा वाटतो. न घडलेली गोष्ट वाचकाच्या नजरेतून हमखास सुटते. आपल्या कथेत स्टेशनवरून आलेला प्रत्येक जण रिक्षाभाड्याच्या नावानं बोटं मोडतो: फौजदार, आडत्याचा भाचा, वकील. कंजूष दलाल मात्र भाड्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अट एकच, तक्रारीची रीत आधी दोन-तीनदा दिसली पाहिजे. नाहीतर तिचा अभाव कुणाला जाणवणार?

नियम लिहून ठेवणारे पाद्री

१९२९ मध्ये इंग्लंडमधले धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी या खेळाचे दहा नियम मांडले. खुनी कथेच्या सुरुवातीलाच दिसला पाहिजे आणि गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही मिळाला पाहिजे, हे त्यातले दोन. त्याच वर्षी अमेरिकेत एलरी क्वीन यांच्या पहिल्या कादंबरीत शेवटाआधी वाचकाला थेट आव्हान आलं: सगळे धागे तुमच्या हाती आहेत, सांगा खुनी कोण! सी. डेली किंग यांनी तर १९३५ च्या ‘ऑबेलिस्ट्स फ्लाय हाय’मध्ये कुठला धागा कुठल्या पानावर होता याची सूचीच शेवटी जोडली.

अर्णाळकरांच्या झुंजारचा वाचक “आता पुढं काय?” या ओढीनं पान उलटतो. त्या मजेला सूची लागत नाही. “कुणी केलं?” असं विचारणारी कादंबरी लिहिणाऱ्यानं मात्र अशी सूची स्वतःपुरती करावीच.

छापण्याआधीची परीक्षा

उलगड्याच्या आधीच्या पानावर हस्तलिखित थांबवा आणि चार-पाच वाचकांना खुन्याचं नाव आणि कारण लिहायला सांगा. सगळ्यांनी दलाल लिहिला तर धागे फार जवळजवळ आहेत. कुणीच लिहिला नाही, हे चालेल. मग शेवट वाचायला द्या आणि त्यांच्या हाताकडं बघा. ते “हे कुठं सांगितलं होतं?” म्हणत पुस्तक मिटत असतील, तर तुम्ही फसवणूक केलीत. पण स्वतःवर चरफडत पहिल्या प्रकरणातली रिक्षा शोधायला मागं गेले, तर कादंबरी खुशाल छापायला द्या.