हाक मारली की वळतो, मग ऐकू येत नाही कसं?

दोन वर्षांचं मूल ‘बाबा’ म्हटलं की वळून बघतं, दार आपटलं की दचकतं, कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बोट दाखवतं. तरीही ऑडिओलॉजिस्ट दोन्ही कानांत दोष असल्याचं सांगतात आणि हातात एक आलेख ठेवतात. मशीनच चुकलं असणार, असं घरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा मशीनही बरोबर असतं आणि घरच्यांचं निरीक्षणही.

त्या आलेखात आडव्या रेषेवर डावीकडे 250 हर्ट्झचे खर्जातले आवाज असतात आणि उजवीकडे 8000 हर्ट्झपर्यंतचे तीव्र स्वर. उभ्या रेषेवर डेसिबल असतात, पण उलटे: वर शून्य आणि खाली जावं तसा आवाज मोठा. शून्य म्हणजे शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येतो, तो हा आवाज. लाल गोल उजव्या कानाचा, निळी फुली डाव्या कानाची. प्रत्येक खूण त्या सुरातला मुलाने टिपलेला सर्वांत हळू आवाज दाखवते. खूण जितकी खाली, तितका दोष जास्त.

इतक्या लहान मुलाला ‘आवाज आला की हात वर कर’ असं सांगून उपयोग नसतो. ते आईच्या मांडीवर बसतं, आवाज येतो, मूल तिकडे वळलं की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळतं. तेव्हा आईने मात्र ढिम्म बसायचं असतं. तिची मान हलली तर मूल आवाज ऐकून वळलं की आईकडे पाहून, हे कळत नाही. ही चाचणी स्पीकरवर केली असेल आणि आलेखावर गोल-फुलीऐवजी ‘एस’ असेल, तर ते उत्तर मुख्यतः चांगल्या कानाचं असतं. दुसऱ्या कानाबद्दल काहीच सांगता येत नाही.

आता एक नमुन्यादाखल आलेख घेऊ. उजव्या कानाच्या खुणा 250 ला 25 डेसिबल, 500 ला 30, 1000 ला 45, 2000 ला 65 आणि 4000 ला 75. डावा कानही जवळपास तसाच. ‘बाबा’, ‘आई’, ‘मामा’ यांतल्या स्वरांचा जोर बराचसा डावीकडच्या भागात असतो, दार आपटल्याचाही तिथेच. कुकरची शिट्टी तीव्र असली, तरी ती इतकी मोठी असते की पोचतेच. ‘स’ आणि ‘श’ यांचा जोर मात्र उजवीकडे, आणि बोलताना ते असतात अगदी हळू. त्यामुळे ‘शाळा’चा ‘आळा’ होतो. (‘श’ गाळणं या वयात इतर मुलंही करतात, म्हणून केवळ बोबड्या बोलांवरून निदान होत नाही.) हाक ऐकू येते, वाक्य अर्धंच पोचतं.

अहवालावरचा ‘मॉडरेट’ हा शब्द येतो सरासरीतून. 500, 1000 आणि 2000 यांची सरासरी काढली तर 47, म्हणजे जुन्या वर्गवारीनुसार मॉडरेट, मध्यम. त्यात 4000 धरलं तर 54, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीनुसार एक पायरी पुढे, ‘मॉडरेटली सिव्हिअर’. मूल तेच, कान तेच. म्हणून शब्दापेक्षा आलेखाचा उतार पाहावा. आणि 47 डेसिबल म्हणजे 47 टक्के बहिरेपण नव्हे. अपंगत्वाच्या दाखल्यावरची टक्केवारी वेगळ्या हिशेबाने काढतात.

झोपेत केलेल्या ‘बेरा’ चाचणीनेही असाच गोंधळ होतो. तिच्यातला नेहमीचा ‘क्लिक’ आवाज मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झचा भाग तपासतो. या मुलाचा बेरा 70 च्या आसपास येईल, आणि खर्जातलं चांगलं ऐकणं त्यात दिसणारच नाही. वेगवेगळ्या सुरांचा बेरा करता येतो, तो मागून घ्यावा.

दोष कुठे आहे, हे कानामागच्या हाडावर कंपक ठेवून कळतं. हाडावाटे नीट ऐकू आलं आणि हवेवाटे कमी, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात. सर्दीनंतर पडद्यामागे साठलेलं पाणी हे या वयातलं नेहमीचं कारण, आणि ते बहुधा बरं होतं. दोन्ही वाटांनी सारखंच कमी आलं, तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. तिथे औषधाने सहसा फरक पडत नाही. श्रवणयंत्र लागतं, आणि ते या आलेखावरूनच लावतात: आपल्या उदाहरणात खर्जाला थोडी मदत, तीव्र सुरांना भरपूर.

लहान मुलाच्या उत्तरात 5 डेसिबलचा फरक चालतो. 10 किंवा अधिक घसरण दिसली तर लगेच विचारावं. त्यासाठी अहवालाचा केवळ निष्कर्ष नव्हे, आलेखाची प्रत मागून घ्यावी आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत न्यावी.