न्हाऊन आल्यावर कानाला बसलेले दडे

अंघोळ करून किंवा पोहून आल्यावर एका कानाला दडे बसतात. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, समोरच्याचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटते. अशा वेळी कानात तीनांपैकी एक गोष्ट झालेली असते. पाणी अडकलेले असते, आधीपासून साचलेला मळ भिजून फुगलेला असतो, किंवा कानाच्या नळीच्या कातडीला जंतूंची लागण होऊ लागलेली असते. तिन्हींत कान सारखाच गच्च वाटतो, पण त्यांचे वेळापत्रक वेगवेगळे असते आणि निदानाचा मोठा भाग त्या वेळापत्रकातच असतो.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब आणि किंचित नागमोडी असते. तिच्या आतल्या टोकाला पडदा असतो. पडदा शाबूत असेल तर पाणी त्यापलीकडे जात नाही, त्यामुळे ‘पाणी पार आत गेले’ ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. मळ तयार होतो तो नळीच्या फक्त बाहेरच्या तिसऱ्या भागात, जिथे केस आणि ग्रंथी असतात. तो किंचित आम्ल आणि चिकट असतो. त्याने कातडीला ओलाव्यापासून संरक्षण मिळते आणि जंतूंची वाढही रोखली जाते. नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने अगदी सावकाश सरकत असते आणि मळाला सोबत घेऊन येते. चावताना होणारी जबड्याची हालचाल त्याला हातभार लावते. म्हणजे मळ खोल पडद्याजवळ सापडला, तर बहुतेक वेळा तो तिथे कोणीतरी ढकललेला असतो.

नुसते पाणी अडकले असेल तर डोके हलवले की आत काहीतरी डुचमळते आणि मान वाकवली की ऐकू येण्यात फरक पडतो. हे दडे काही मिनिटांत, फार तर काही तासांत सुटतात. तो कान खाली करून मान कलती ठेवावी आणि कानाची पाळी वर व मागे ओढावी. त्यामुळे नळीचे वळण सरळ होते आणि पाणी ओघळते. अगदी लहान मुलांत पाळी खाली व मागे ओढतात. जबडा हलवून किंवा जांभई देऊनही उपयोग होतो. बाहेर आलेले पाणी टॉवेलच्या टोकाने टिपले की काम संपले.

मळाची गोष्ट वेगळी असते. समजा, चाळिशीतल्या एका गृहस्थाने रविवारी डोक्यावरून अंघोळ केली आणि उजवा कान एकदम बंद झाला. दुखत नाही, खाजत नाही, मान कलती करूनही काही फरक नाही. मळ कित्येक महिने साचत होता, पण कडेने बारीकशी फट उरली होती, म्हणून ऐकू येत होते. पाणी लागताच मळ फुगला आणि ती फट बुजली. गृहस्थांनी बड घातला. बडच्या टोकाला थोडा पिवळा मळ लागला, त्याचे समाधानही वाटले, पण उरलेला गोळा नळीच्या अरुंद भागात दाबला गेला आणि दडे अधिकच घट्ट झाले. सोमवारी, मंगळवारी कान तसाच. एका दिवसानंतरही दडे सुटत नाहीत आणि दुखतही नाही, तेव्हा कारण बहुधा मळच असते.

यावर उपाय मळ मऊ करण्याचा. औषधांच्या दुकानात मिळणारे मळ मऊ करणारे थेंब हाताच्या उबेने कोमट करावेत. थंड थेंब घातले तर गरगरते. कुशीवर झोपून दुखऱ्या नव्हे तर बंद कानात तीन-चार थेंब घालावेत आणि पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे. हे दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच दिवस करावे. पहिल्या दिवशी मळ आणखी फुगल्याने दडे वाढल्यासारखे वाटतात. त्याने घाबरू नये. एवढ्यानेही सुटले नाही तर डॉक्टर यंत्राने ओढून किंवा अंगाच्या तापमानाइतक्या कोमट पाण्याच्या पिचकारीने मळ काढतात. पूर्वी कान फुटलेला असेल, पडद्याला भोक असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर घरी थेंबही घालू नयेत.

लागण त्याच क्षणी होत नाही. पोहल्यानंतर एक-दोन दिवसांनी आधी खाज सुटते, मग दुखू लागते. सतत ओल्या राहिलेल्या कातडीवर बड किंवा नखाचा ओरखडा उठला की जंतूंना वाट मिळते. ओळखण्याची खूण सोपी आहे. कानाच्या छिद्रासमोरचा कुर्चेचा छोटा उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की कळ येते. चावतानाही दुखते, कधी कान वाहतो. सर्दी-तापाबरोबर पडद्यामागे होणाऱ्या दुखण्यात सहसा असे होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत बुरशीची लागणही होते. तिच्यात दुखण्यापेक्षा खाज अनावर असते आणि तपासताना आत ओल्या टीपकागदासारखा थर, त्यावर काळे ठिपके दिसतात. बुरशीवर प्रतिजैविकांचे थेंब चालत नाहीत, उलट ती वाढू शकते. म्हणून घरातली जुनी बाटली शोधण्यापेक्षा कान तपासून घेणेच बरे. मधुमेह्यांच्या बाबतीत घाई अधिक. रात्री झोप न लागू देणारी कळ असेल, तर लागण हाडापर्यंत पोचत असण्याची शक्यता असते.

कानात काय घालू नये याची यादी प्रत्येक घरात तयारच असते: बड, केसांची पिन, काडेपेटीची काडी, किल्ली, पेनचे टोपण, कानकोरणे. यातले प्रत्येक साधन मळ आत ढकलते किंवा कातडी ओरबाडते, आणि धक्का लागला तर पडदा फाटतो. लसूण घालून कढवलेले तेल हा अनेक घरांतला जुना लाडका उपाय. त्याने कातडी भाजते, आणि बुरशी असेल तर तिला ओलावाच मिळतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कानात तेल सोडण्याचीही गरज नसते. मेणबत्तीसारख्या पेटत्या नळकांड्यांनी मळ ओढला जात नाही, वितळलेले मेण मात्र आत पडू शकते. रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याची सळई एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाते, एवढे कारण पुरे आहे.

एका चौथ्या शक्यतेत मात्र वाट पाहून चालत नाही. कधी कधी ऐकण्याची नसच एकाएकी अशक्त होते आणि माणूस त्याला ‘दडे बसले’ समजून आठवडाभर थेंब घालत बसतो. घरच्या घरी एक अंदाज घेता येतो. ओठ मिटून हुंकार भरावा. मळाने बंद झालेल्या कानात हुंकार जास्त मोठा ऐकू येतो. नसेचा बिघाड असेल तर तो चांगल्या कानाकडे झुकतो. ही खात्रीची तपासणी नव्हे, पण हुंकार चांगल्या कानात ऐकू आला, किंवा दड्यांबरोबर चक्कर आणि नवा गुणगुणाट सुरू झाला, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. या आजारावरचे स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक गुणकारी ठरतात. दोन आठवडे उलटल्यावर त्यांचा उपयोग बराच घटतो.