२८ जूनचा कागद की ३ जुलैचा?

२८ जून २०२४ रोजी महिला व बाल विकास विभागाने ‘मुख्यमंत्री-माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय काढला. वय २१ ते ६०, अर्जाची मुदत १५ जुलै, अधिवासाचा दाखला हवा आणि कुटुंबाकडे पाच एकरांपेक्षा जास्त शेती नको, अशा अटी त्यात होत्या. तलाठी कार्यालयांपुढे आणि सेतू केंद्रांवर रांगा लागल्या. आठवडाही उलटला नाही, तोच ३ जुलैला सुधारणा आली. वयोमर्यादा ६५ झाली, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली आणि शेतीची अट गेली. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला यांपैकी काहीही चालेल, असे ठरले.

दोन्ही कागद पीडीएफ स्वरूपात फिरत होते आणि वरवर पाहता सारखेच दिसत होते. बासष्ट वर्षांच्या बाईच्या हाती जूनचा कागद पडला असता, तर योजना आपल्यासाठी नाही असे समजून ती घरी बसली असती. म्हणून अशा वेळी नुसता शासन निर्णय सापडून भागत नाही, लागू असलेला सापडावा लागतो.

गुगलवर नुसते ‘लाडकी बहीण जीआर’ टाकले की बातम्या, व्हिडिओ आणि ‘इथे क्लिक करा’ म्हणणाऱ्या खासगी साइट पुढे येतात. त्यांना एका ओळीत बाजूला सारता येते:

```
"लाडकी बहीण" filetype:pdf site:gov.in
```

अवतरणचिन्हांमुळे दोन्ही शब्द त्याच क्रमाने शोधले जातात. `filetype:pdf` म्हणजे फक्त पीडीएफ आणि `site:gov.in` म्हणजे फक्त सरकारी पत्ते. कोलननंतर मोकळी जागा सोडायची नाही. सोडली तर गुगल ती आज्ञा साधा शब्द समजते. सरकारी कागदांत ‘बहीण’ आणि ‘बहिण’ अशी दोन्ही रूपे सापडतात, म्हणून दुसरे रूपही टाकून पाहावे.

इथे बरेच जण एक चूक करतात. आपल्या जिल्ह्याचा कागद हवा म्हणून ते `site:` पुढे जिल्ह्याच्या संकेतस्थळाचा पत्ता देतात आणि हाती काही लागत नाही. अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे एस-थ्री-वास या केंद्र सरकारच्या सामाईक व्यवस्थेवर चालतात. पान जिल्ह्याच्या पत्त्यावर असते, पण त्यावरची पीडीएफ `cdn.s3waas.gov.in` किंवा अशाच दुसऱ्या पत्त्यावर ठेवलेली असते. त्यामुळे पत्ता `gov.in` इतका व्यापक ठेवावा आणि जिल्ह्याचे नाव साध्या शब्दात लिहावे. या फायलींच्या पत्त्यात `uploads/2024/07` असा भागही दिसतो. त्यावरून फाइल कोणत्या महिन्यात चढवली ते कळते. कागद कधी निघाला ते मात्र कळत नाही.

आता तारीख. २०१९ मध्ये गुगलने `before:` आणि `after:` या दोन आज्ञा आणल्या. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला की हव्या त्या काळापुरता शोध मर्यादित होतो:

```
"लाडकी बहीण" filetype:pdf site:gov.in after:2024-06-20 before:2024-07-31
```

दोन्ही टोकांना मोकळीक मुद्दाम ठेवली आहे. कारण ही तारीख शासन निर्णयाची नसते. कागद केव्हाचा असावा याचा तो गुगलचा अंदाज असतो. बातमीच्या पानावर प्रसिद्धीची तारीख ठळक असते, त्यामुळे तिथे अंदाज सहसा बरोबर येतो. पीडीएफचे तसे नाही. जूनचा निर्णय एखाद्या जिल्हा परिषदेने ऑगस्टमध्ये चढवला, तर तो ऑगस्टचा ठरू शकतो. तारखेची चौकट लावल्यावर निकाल एकदम आटले, तर कागदच नाही असा निष्कर्ष काढू नये. आधी चौकट सैल करून पाहावी.

शीर्षकाची आज्ञा सर्वांत हुशार वाटते आणि सरकारी पीडीएफच्या बाबतीत सर्वांत जास्त तीच दगा देते. योजनेसाठी लागणारे हमीपत्र हवे असेल, तर असे लिहिता येते:

```
intitle:हमीपत्र "लाडकी बहीण" filetype:pdf site:gov.in
```

पण पीडीएफचे शीर्षक म्हणजे कागदावर मोठ्या अक्षरांत छापलेली ओळ असेलच, असे नाही. फाइलच्या गुणधर्मांत शीर्षकाचा वेगळा रकाना असतो आणि तो कार्यालयात सहसा कुणी भरत नाही. वर्डमधून पीडीएफ करताना तिथे `Microsoft Word - Document1` असे काहीतरी आपोआप बसते. गुगल कधी हा रकाना घेते, कधी कागदावरचा मथळा, तर कधी दुव्याचा मजकूर. त्यामुळे `intitle:` लावून काही मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास ती आज्ञा काढून तोच शब्द अवतरणात टाकावा, म्हणजे तो मजकुरातही शोधला जाईल.

मजकुरातही सापडत नसेल, तर कारण बहुधा फाँटचे असते. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला कागद डोळ्यांना नीट दिसतो, पण त्याच्या पोटात भलतीच रोमन अक्षरे असतात. ओळखायची खूण सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करायची आणि दुसरीकडे चिकटवायची. मराठीऐवजी कडबोळे उमटले, तर ती फाइल मराठी शब्दाने सापडणार नाही. ओळ निवडताच आली नाही, तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. गुगल अशा चित्रांतलीही अक्षरे वाचते, पण फिकट झेरॉक्स आणि शिक्क्याखाली दबलेल्या ओळी निसटतात. अशा जुन्या कागदांसाठी योजनेचे इंग्रजी नाव टाकून पाहावे. कधी फाइलचे नाव तरी इंग्रजीत असते.

कागद हाती आला की खरी तारीख त्यातच वाचायची. पहिल्या पानावर विभागाचे नाव, शासन निर्णय क्रमांक आणि दिनांक असतो. क्रमांकातले ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक. शेवटी संकेतस्थळाचा उल्लेख असलेले ठरावीक वाक्य येते आणि त्यात अठरा अंकी संकेतांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक साधारणपणे तारीखच सांगतात: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २८ जूनच्या निर्णयाचा संकेतांक 20240628 ने सुरू होतो. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवा जीआर’ म्हणून पाठवलेल्या फाइलची तपासणी या आठ अंकांवरून क्षणात होते.

त्याहून मोलाचा भाग पहिल्या पानावरच असतो, पण लोक तो ओलांडून पुढे जातात. ‘वाचा’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. त्या यादीवरून मागे जाता येते. पुढे यायचे असेल, तर हाच मार्ग उलटा वापरायचा: हाती असलेल्या निर्णयाचा दिनांक अवतरणात टाकायचा आणि त्यानंतरचे कागद मागायचे.

```
"लाडकी बहीण" "28 जून" filetype:pdf site:gov.in after:2024-07-01
```

असे केले की जूनच्या निर्णयाचा दाखला देणारे नंतरचे कागद वर येतात आणि ३ जुलैची सुधारणा त्यातच सापडते. काही कागदांत अंक देवनागरीत असतात, म्हणून "२८ जून" असेही शोधावे. ‘सुधारणा’, ‘शुद्धिपत्रक’ आणि ‘पूरकपत्र’ हे शब्दही एकेक करून जोडून पाहावेत. चुकीची दुरुस्ती बहुधा शुद्धिपत्रकाने होते आणि मूळ फाइल मात्र जुन्याच मजकुरासह तशीच राहते.

एवढे करूनही काही निर्णय गुगलवर येत नाहीत. रकाने भरून बटण दाबल्यावरच उघडणाऱ्या याद्यांपर्यंत शोधयंत्र सहसा पोचत नाही. अशा वेळी `gr.maharashtra.gov.in` वर जावे. तिथे विभाग, शीर्षकातला शब्द, तारखांचा कालावधी किंवा संकेतांक देऊन शोधता येते, आणि तिथली तारीख गुगलच्या अंदाजाची नसून शासनाच्या नोंदीतली असते. शीर्षकाच्या रकान्यात लांबलचक नाव लिहू नये, एखादाच नेमका शब्द द्यावा. विभाग ‘महिला व बाल विकास’ निवडून जून ते ऑगस्ट २०२४ हा कालावधी दिला, की मूळ निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा एकाच यादीत पाहता येतात.