थकलेला आकडा, तेजीतला आकडा

अलिबाग-मुरुडकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मागचं बघून पुढचं सांगायची ही रीत भरवशाची आहे, कारण पाणी ओढणारा चंद्र ठरलेल्या गतीनं फिरतो. मटक्याच्या चार्टावर बोट फिरवणाराही तेच करू पाहतो. पण तिथे चंद्र नाही.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावरचा हा सट्टा साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी चिठ्ठ्या-पत्त्यांवर आणला. चित्रांचे पत्ते बाजूला काढलेल्या जोडातून तीन पत्ते ओढायचे. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे आकडा. दिवसाला एक ओपन, एक क्लोज. पत्ते नीट पिसले तर प्रत्येक आकड्याची शक्यता दर वेळी दहात एक.

समजा, सात वीस सोडतींत आला नाही. एक म्हणतो, आता यायलाच हवा. पण एखादा ठरावीक आकडा वीस वेळा हुकण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. आकडे दहा, म्हणून कोणत्याही वीस सोडतींत निदान एक तरी गायब असतो, असं पाचांत जवळजवळ चार वेळा घडतं. ‘थकलेला’ आकडा बहुधा सापडणारच. दुसरा म्हणतो, तीन तेजीत आहे, लागोपाठ आला. तेही तसंच: महिन्याच्या साठ सोडतींत मागचाच आकडा लगेच परत येण्याचे प्रसंग सरासरी सहा.

मग शेवटी सगळं समान होतं ते कसं? भरपाईनं नाही. सात वीसमध्ये दोनदा यायला हवा होता, आला शून्य वेळा. पुढच्या हजार सोडतींत तो शंभरच्या आसपास येईल, मागचे दोन कुणी फेडत नाही. फक्त एवढ्या मोठ्या आकड्यात ते दिसेनासे होतात.

गंमत म्हणजे दोन्ही समजुती एकाच डोक्यात सुखानं नांदतात. आयटन आणि फिशर या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की रुलेटच्या रंगाबद्दल माणसं ‘आता बदलेल’ म्हणतात, आणि स्वतःच्या अंदाजांबद्दल ‘सध्या जमतंय’. म्हणजे चाक थकतं, आपला हात मात्र तापतो. आकड्याला नऊपट मिळत असतील, तर कुठल्याही समजुतीनं लावलेल्या शंभरामागे सरासरी दहा रुपये जातात.

हे सगळं पत्ते प्रामाणिकपणे ओढले तर. ज्यावर पैसा जास्त तो आकडा टाळायचा, असं सोडत काढणाऱ्यानं ठरवलं, तर सोडती स्वतंत्र राहत नाहीत. मग चार्ट बघून सगळ्यांनी मिळून धरलेला थकलेला सातच सर्वांत कमी वेळा निघेल.