राठ टॉवेल पुन्हा मऊ कसे होतात?

सुती टॉवेल राठ होण्यामागे बहुतेकदा दोन गोष्टी असतात: नीट न निघालेली कपड्यांची पावडर आणि जड पाण्यातले क्षार. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळ असेल, तर साबणाच्या वडीचा फेस होण्याऐवजी करडा, चिकट साका होतो. पावडरने साका होत नाही, पण तिच्यातल्या धुण्याच्या सोड्याशी कॅल्शियमचा संयोग होऊन चुन्यासारखे बारीक कण धाग्यांत बसतात. दर धुण्याला त्यात भर पडते. टॉवेल मग अंगाला टोचतो आणि पाणीही नीट टिपत नाही.

दोष कशाचा, हे आधी ओळखावे. धुतलेला, वाळलेला टॉवेल बादलीभर गरम पाण्यात, पावडर न घालता, अर्धा तास भिजवून हाताने खळबळावा. फेस आला किंवा पाणी दुधाळ, बुळबुळीत झाले, तर पावडर उरलेली आहे. फेस येईनासा होईपर्यंत पाणी बदलत राहावे. पाणी नितळ राहिले आणि वाळल्यावरही टॉवेल ताठच असेल, तर क्षारांचा संशय घ्यावा.

क्षार आम्लात विरघळतात. पाच लिटर कोमट पाण्यात एक कप पांढरा व्हिनेगर घालून टॉवेल तासभर बुडवावा आणि साध्या पाण्यातून दोनदा काढावा. थर जुना असेल, तर हे पुन्हा एकदा करावे लागते. इथे क्रम महत्त्वाचा आहे. साबण धाग्यात असतानाच आम्ल घातले, तर त्यातून मेणचट पदार्थ सुटतो आणि टॉवेल आणखी चिकट होतो. म्हणून आधी गरम पाणी, मग व्हिनेगर. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रेशीम आणि लोकर यांना गरम पाणी सोसत नाही, त्यामुळे हा उपाय सुती कपड्यांपुरताच ठेवावा.

हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून खळबळण्याची रीत बदलावी. पिळलेल्या मोठ्या टॉवेलमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी राहते, असे धरू. तो १५ लिटर पाण्यात एकदाच खळबळला, तर पाण्यात विरघळलेल्या पावडरीचा सुमारे एकतिसावा भाग टॉवेलमध्ये उरतो. तेच पाणी पाच-पाच लिटर असे तीनदा वापरले आणि दर वेळी घट्ट पिळले, तर हजारावा भागही उरत नाही. धाग्याला धरून बसलेली पावडर इतक्या सहज सुटत नाही, पण फरक हाताला जाणवतो. पिळणे टाळले, तर मात्र तीनदा पाणी बदलूनही पावडर बरीच जास्त उरते.

पावडर मोजूनच घालावी. जड पाण्यात थोडी जास्त लागते, पण मूठभर जादा टाकली की ती धुऊन काढायला पाणीही तेवढेच वाढते. सॉफ्टनरने टॉवेल मऊ लागतो खरा, पण त्याचा थर धाग्यावर बसून पाणी टिपणे कमी होते, म्हणून टॉवेलला तो वापरू नये. दोरीवर टाकण्यापूर्वी आणि वाळल्यावर टॉवेल जोरात झटकला, की एकमेकांना चिकटलेले धागे मोकळे होतात.