पाटीवर नावाखाली काय लिहावं?

तालुक्याच्या गावात वकील किंवा करसल्लागार शोधणारा माणूस आधी चार जणांना विचारतो. कुणीतरी नाव सुचवतं, मग तो पत्ता शोधत येतो आणि जिना चढण्याआधी पाटी वाचतो. नावाखाली एखादी ओळ असेल, तर त्याला त्या क्षणी एकच गोष्ट ठरवायची असते: ऐकलेलं खरं असावं का? 'विश्वासार्ह सेवा', 'अचूक सल्ला', 'तालुक्यातील अग्रगण्य' अशा ओळी त्याला यात काहीच मदत करत नाहीत. त्या कुणालाही लिहिता येतात आणि त्या खऱ्या की खोट्या हे तपासायला मार्ग नसतो. विश्वास देणारी ओळ ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येते. फुशारकी टाळायचा मार्गही तोच आहे, कारण पडताळता येईल असं लिहायचं म्हटलं की विशेषणं गळून पडतात आणि काम उरतं.

पण ओळ सुचण्याआधी ती लिहिण्याची मुभा आहे का, हे पाहावं लागतं. आपल्याकडे हे तिन्ही व्यवसायांत वेगवेगळं आहे.

वकिलांना पाटीवर टॅगलाइन लिहिताच येत नाही असं म्हटलं तरी चालेल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६ वा नियम काम मिळवण्यासाठी जाहिरात करायला, पत्रकं वाटायला, दलाल नेमायला मनाई करतो. पाटी वाजवी आकाराची असावी आणि पाटीवर किंवा छापील कागदांवर आपण अमुक प्रकारच्या कामात तज्ज्ञ आहोत, वकील संघाचे अध्यक्ष आहोत किंवा पूर्वी न्यायाधीश होतो असं सुचवू नये, असं तो सांगतो. म्हणजे 'जमिनीच्या दाव्यांचे तज्ज्ञ' ही साधी वाटणारी ओळसुद्धा चालत नाही. मुंबईतल्या फौजदारी न्यायालयांच्या दारात उभं राहून पक्षकार ओढणाऱ्या वकिलांचं दाभोलकर प्रकरण १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. वकिली हा बाजारातला धंदा नाही, ही या मनाईमागची भूमिका त्या निकालातही ठामपणे दिसते. २००८ मध्ये नियमात थोडी सूट आली. वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनद क्रमांक, सनद मिळाल्याची तारीख, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं देता येतात. स्तुतीला तिथेही जागा नाही.

सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली ६ आणि ७ ही कलमं लागू होतात. काम मागत फिरणं आणि जाहिरात करणं यांवर मुख्य बंधन आहे, पण आपल्या सेवांची माहिती देणारं निवेदन संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रसिद्ध करता येतं. २००८ च्या सूचनांनुसार त्यात इतर सदस्यांपेक्षा आपण श्रेष्ठ असल्याचा दावा किंवा ग्राहकांच्या शिफारशी घालता येत नाहीत. या सूचना बदलत असतात, म्हणून काहीही छापण्याआधी ताजी प्रत वाचावी.

खरी मोकळीक आहे ती तिसऱ्या गटाला. हिशेब लिहून देणारे, विवरणपत्रं भरणारे, जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंद असलेले पण सीए नसलेले करसल्लागार पाटीवर आणि कार्डावर ओळ लिहू शकतात. दोन गोष्टी मात्र त्यांनी पाळायला हव्यात. आपण सीए आहोत असा भास होईल असं काही लिहू नये, आणि दिशाभूल करणारा दावा करू नये. एखादा करसल्लागार सनद घेऊन वकिलीही करत असेल आणि पाटीवर 'ॲड.' लावत असेल, तर त्याने स्वतःला वकिलांच्या नियमातच धरावं.

आता अशा एका करसल्लागाराची ओळ कशी घडते ते पाहू. समजा, बार्शीत एक बाई हा व्यवसाय करतात. त्यांचे ग्राहक म्हणजे बाजार समितीतले आडते, किराणा दुकानदार, दोन-तीन डाळ मिलवाले. जुन्या पाटीवर 'योग्य दरात सर्व प्रकारची कर सेवा' असं आहे. नवी ओळ हवी म्हणून त्या आधी शब्द जुळवत बसत नाहीत. त्या आठ-दहा जुन्या ग्राहकांना दोन प्रश्न विचारतात: माझ्याकडे पहिल्यांदा आलात तेव्हा धास्ती कशाची होती? आणि माझं नाव कुणाला सांगता तेव्हा काय म्हणून सांगता?

'ताई, तुमचं काम छान' ही उत्तरं बाजूला ठेवायची. उपयोगी उत्तरं घडलेल्या गोष्टींची असतात. किराणावाला सांगतो, की आधीच्या माणसाला कराचे पैसे रोख दिले होते, ते त्याने भरलेच नाहीत आणि नोटीस आल्यावर कळलं. डाळ मिलवाला सांगतो, की जीएसटी नोंदणीत सल्लागाराने स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल टाकला होता, त्यामुळे ओटीपी आणि नोटिशीची सूचना त्याच्याकडे जायची आणि मालकाला पत्ताच नसायचा. आडत्याची तक्रार तारखांची असते. विवरणपत्र उशिरा भरलं की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज चढतं, आणि ते द्यावं लागतं त्याला.

या तीन उत्तरांतून तीन ओळी निघू शकतात. पहिली सुचते ती 'एकही रिटर्न उशिरा नाही.' ऐकायला दमदार आहे, पण ती टिकत नाही. ग्राहकाने बिलं उशिरा आणली किंवा शेवटच्या दिवशी पोर्टल अडलं, की ओळ खोटी ठरते आणि पाटी आपल्याच विरुद्ध साक्ष देते. जे आपल्या एकट्याच्या हातात नाही, त्याचं वचन पाटीवर देऊ नये.

दुसरी ओळ: 'बिलं ५ तारखेपर्यंत, रिटर्न १८ तारखेपर्यंत.' ही बरीच चांगली आहे. दर महिन्याला भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचं ३बी २० तारखेपर्यंत द्यावं लागतं. खरेदीवरच्या कराचा तपशील पोर्टलवर १४ तारखेला तयार होतो. म्हणून ५ तारखेला बिलं आली तर ११ तारखेचं काम निवांत होतं, १४ नंतर खरेदीचा मेळ घालता येतो आणि १८ ला दोन दिवस हाताशी राहतात. '१० तारखेलाच रिटर्न' असं लिहिलं असतं तर जाणकार ग्राहकाला शंका आली असती, कारण तेव्हा पोर्टलवरचा तपशीलच तयार नसतो. या ओळीत ग्राहकाची जबाबदारीही सांगितली आहे, त्यामुळे ती प्रामाणिक वाटते. पण तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांना या तारखा लागू होत नाहीत. ती पाटीपेक्षा ग्राहकाला द्यायच्या पत्रकात शोभेल.

तिसरी ओळ पैशांच्या धास्तीला उत्तर देते: 'कर तुमच्या खात्यातून, पावती तुमच्या हाती.' सहाच शब्द आहेत, त्यात 'मी' किंवा 'आम्ही' नाही, कुणाशी तुलना नाही आणि 'प्रामाणिक' हा शब्दही नाही. तरी प्रामाणिकपणाबद्दलच ती बोलते. इथे 'तुमच्या'ऐवजी अदबीने 'आपल्या' लिहू नये, कारण मग खातं ग्राहकाचं की सल्लागाराचं हेच अस्पष्ट राहतं.

मात्र ही ओळ लावण्याआधी बाईंना आपली कामाची पद्धत बदलावी लागेल. कराचे पैसे रोख घेऊन स्वतःच्या खात्यातून भरण्याची सोय त्या काही ग्राहकांना देत असतील, तर ती थांबवावी लागेल. चलन तयार करून ग्राहकाला पाठवायचं आणि त्याने स्वतःच्या बँक खात्यातून नेट बँकिंग, यूपीआय किंवा एनईएफटीने भरायचं. रोखीची सवय असलेला छोटा दुकानदार १०,००० रुपयांपर्यंतचं चलन बँकेत जाऊन स्वतः भरू शकतो. भरल्यावर चलनाची पावती आणि विवरणपत्राची पोच त्याच दिवशी त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची. ज्यांच्या नोंदणीत सल्लागाराचा मोबाइल आणि ईमेल आहे, त्यांचा बदलून मालकाचा टाकायचा. यात बाईंचं काम वाढतं, कारण दर वेळी ओटीपीसाठी ग्राहकाला फोन करावा लागतो. पण हे सगळ्या ग्राहकांसाठी झाल्याशिवाय ओळ रंगवायला देऊ नये. एक जरी ग्राहक 'माझ्याकडून तर रोखच घेतात' म्हणाला, तरी गावात तेवढंच पसरतं.

एक ओळ मात्र कितीही ग्राहक आणणारी असली तरी लिहू नये: 'हमखास रिफंड.' प्राप्तिकराचा परतावा म्हणजे जास्त भरला गेलेला कर. तो किती निघेल हे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांवर प्राप्तिकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली होती. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं, तर त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो आणि तो करदात्यावर बसतो. परताव्याची हमी देणारी पाटी दिसली, तर ग्राहकाने तिथून निघावं हेच बरं.

मग वकिलाने काय करावं? पाटीवर नाव आणि शिक्षण एवढंच राहू द्यावं. ओळ तयार ठेवायची ती तोंडी, कुणी 'तुम्ही काय काम पाहता?' असं विचारलं तर देण्यासाठी. 'मी दिवाणी दावे पाहतो. वाटणी, ताबा, बांधाचे वाद. फौजदारी काम घेत नाही.' यात तज्ज्ञतेचा दावा नाही, फक्त माहिती आहे. 'घेत नाही' हा भाग विश्वासाला सर्वांत जास्त उपयोगी पडतो, कारण आलेलं प्रत्येक काम हा माणूस घेत नाही हे पक्षकाराला कळतं. संकेतस्थळ असेल तर तिथे कामाच्या क्षेत्रांत हेच शब्द येऊ शकतात. पक्षकाराचा खरा विश्वास मात्र पहिल्या भेटीत ठरतो: फी लेखी सांगितली का, पैशाची पावती दिली का, पुढची तारीख कळवली का. या तीन गोष्टींना कोणताच नियम आड येत नाही.

करसल्लागाराने वर्षातून एकदा, मार्चअखेरचं काम उरकल्यावर, पाटीवरची ओळ आपल्या प्रत्येक ग्राहकाच्या फाइलशी ताडून पाहावी. ज्या फाइलमध्ये ती खरी नसेल तिथे आधी काम दुरुस्त करावं, आणि ते शक्य नसेल तर ओळ उतरवावी. नुसतं नाव असलेल्या पाटीने कुणाचं काही बिघडत नाही.